हजार रुपयांतला डेंट खरा कितीला पडतो?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांब लागतो. मागच्या डाव्या दारावर पोचा येतो, बंपरला चीर जाते. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली की तिथला अ‍ॅडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारतो, मोबाइलवर चार फोटो काढतो आणि म्हणतो, "सर, इन्शुरन्समध्ये टाकू ना? तुम्हाला फक्त हजार रुपये भरायचे." समोर पंधरा हजारांचे एस्टिमेट असते, त्यामुळे हजार हा आकडा ऐकून आपण लगेच मान डोलावतो.

त्याचे वाक्य खोटे नसते, पण अर्धे असते. त्या दिवशी काउंटरवर काय भरायचे एवढेच ते सांगते. उरलेले बिल पुढच्या रिन्यूअलपासून वर्षावर्षाला, थोडे थोडे वसूल होते आणि त्यावर 'डेंट' असे कुठेच लिहिलेले नसते. ते 'नो क्लेम बोनस'च्या ओळीत असते, किंवा खरे सांगायचे तर ती ओळ कोरी असते.

नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, याची पायरी भारतात ठरलेली आहे. क्लेम न करता एक वर्ष गेले की २० टक्के, सलग दोन वर्षे गेली की २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे तो वाढत नाही. ही सवलत संपूर्ण हप्त्यावर मिळत नाही. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग, ज्याला सगळे 'ओडी' म्हणतात, आणि आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्यासाठीचा 'थर्ड पार्टी'. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी जून २०२२ मध्ये तो ३,४१६ रुपये ठरला. त्यावर एनसीबीचा एक पैसाही लागू होत नाही. सवलत फक्त ओडीच्या हप्त्यावर. त्यामुळे 'माझा विमा अठरा हजारांचा आहे, पन्नास टक्के बोनस गेला म्हणजे नऊ हजार गेले' हा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो.

चढताना पायरीपायरीने चढणारा हा बोनस उतरताना मात्र थेट तळाला येतो. पॉलिसीच्या वर्षात ओडीचा एक क्लेम झाला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. क्लेम दोन हजारांचा होता की दोन लाखांचा, याने फरक पडत नाही. चूक कोणाची होती यानेही नाही. गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि कोणी अनोळखी टेम्पोवाला घासून निघून गेला, तरी आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले की बोनस जातो. तो चांगल्या ड्रायव्हिंगबद्दलचा नाहीच. क्लेम न केल्याबद्दलचा आहे.

आणि शून्यावर आल्यावर परत पन्नासवर जायला पाच वर्षे लागतात. इथेच बहुतेकांचा हिशेब तोकडा पडतो. लोक फक्त पुढच्या एका वर्षाचे नुकसान मोजतात.

वर सांगितलेल्या खांबाचेच उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. गाडी १२०० सीसीची हॅचबॅक, वय सव्वातीन वर्षे. आतापर्यंत एकही क्लेम नाही, त्यामुळे यंदाच्या पॉलिसीत एनसीबी ३५ टक्के आहे आणि पुढच्या वेळी ४५ मिळणार आहे. सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट करासह असे धरू: नवा बंपर ४,००० रुपये, तो काढून बसवण्याची मजुरी ८००, बंपरचा रंग ४,०००, दाराचे डेंटिंग १,७००, दाराचा रंग ४,५००. एकूण १५,०००.

यातले विमा कंपनी किती देईल? गाडीला 'झिरो डेप' नसेल तर आधी घसारा कापला जातो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर गाडीचे वय काहीही असले तरी ५० टक्के, म्हणजे बंपरचे २,००० गेले. पत्र्याचा भाग बदलला तर घसारा वयानुसार वाढत जातो, पण इथे दार बदललेले नाही, फक्त ठोकून सरळ केले आहे, आणि मजुरीवर घसारा नसतो. रंगाची गंमत वेगळी आहे. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात. इथे रंगाचे एकूण ८,५००, त्याचा चौथा हिस्सा २,१२५, त्याचा अर्धा १,०६३. शेवटी सक्तीचा हिस्सा, ज्याला पॉलिसीत 'कम्पल्सरी डिडक्टिबल' म्हणतात: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. अ‍ॅडव्हायझरचे 'फक्त हजार' ते हेच. हप्ता कमी व्हावा म्हणून पॉलिसी घेताना जादा डिडक्टिबल स्वीकारला असेल, तर तोही यात मिळवायचा. बरेच जण तो स्वीकारल्याचे विसरलेले असतात.

सगळी बेरीज केली तर आपल्या खिशातून ४,०६३ जातात आणि कंपनी १०,९३७ देते. झिरो डेप असते तर खरोखर हजारच गेले असते आणि कंपनीने १४,००० दिले असते. म्हणजे अ‍ॅडव्हायझरचे वाक्य झिरो डेप असलेल्या गाडीलाच लागू होते. नसलेल्या गाडीवाल्याला ते चौपट महाग पडते, तेही बोनसचा विषय निघण्याआधीच.

आता बोनस. पॉलिसीच्या शेड्यूलवर ओडीच्या रकान्यात 'नो क्लेम बोनस ३५ टक्के' आणि त्यासमोर वजा केलेली रक्कम छापलेली असते. ती ३,११५ असेल तर बोनसआधीचा ओडी हप्ता ८,९०० होता. पुढच्या वर्षी गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, उतरेल. त्यामुळे हप्ता ८,००० वर येईल आणि मग दर वर्षी साधारण दहा टक्क्यांनी उतरत जाईल असे धरू.

क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षे बोनस ४५, ५०, ५०, ५०, ५० असा मिळेल. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन रांगांमधला फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. रुपयांत पहिल्या वर्षी ३,६००, दुसऱ्या वर्षी २,१६०, मग १,६२०, ८७५ आणि २६२. बेरीज ८,५१७. विमा हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही वाढलेल्या हप्त्यावर भरावा लागतो. तो धरून १०,०५० रुपये.

म्हणजे या माणसाला क्लेमची खरी किंमत आज ४,०६३ आणि पुढच्या पाच वर्षांत १०,०५०, मिळून सुमारे १४,१०० रुपये. खिशातून पूर्ण बिल भरले असते तर १५,०००. काउंटरवर एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला पंधरा हजार असे चित्र होते. प्रत्यक्षात अंतर जेमतेम नऊशे रुपयांचे निघाले.

पण या हिशेबात एक गृहीतक लपलेले आहे आणि ते दोन्ही बाजूंनी तपासायला हवे. पाच वर्षांचे पूर्ण नुकसान तेव्हाच होते जेव्हा त्या पाच वर्षांत दुसरा कोणताही क्लेम लागत नाही. समजा आज क्लेम टाळला, बोनस जपला, आणि दीड वर्षाने हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबल्याने बोनेट, रेडिएटर, दिवे सगळेच गेले. तो क्लेम करावाच लागणार. त्या क्षणी बोनस शून्यावर येतो, आज क्लेम केला असता तरी तिथेच आला असता. दोन्ही वाटा एकत्र होतात. मग आज वाचवलेला बोनस फक्त मधल्या एका रिन्यूअलचा ठरतो: ३,६०० आणि त्यावरचा कर, म्हणजे ४,२४८ रुपये.

म्हणून मला एका आकड्यापेक्षा दोन रेषा जास्त उपयोगी वाटतात. खालची रेषा पुढच्या एकाच वर्षाच्या नुकसानीची, इथे सुमारे ४,२५०. वरची रेषा पाच वर्षांच्या नुकसानीची, इथे सुमारे १०,०५०. क्लेममुळे होणारी बचत खालच्या रेषेपेक्षा कमी असेल तर क्लेम करू नये. वरच्या रेषेपेक्षा जास्त असेल तर निःशंक करावा. मधे असेल तर आपला स्वभाव आणि आपला रस्ता पाहावा. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज चाळीस किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला पाच वर्षे क्लेमशिवाय जाणे अवघड, त्याच्यासाठी खरी किंमत खालच्या रेषेकडे झुकते. शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्या निवृत्त माणसासाठी ती वरच्या रेषेकडे.

'क्लेममुळे होणारी बचत' कशी मोजायची यातही एक फसगत आहे. ती म्हणजे कंपनीने दिलेली रक्कम नव्हे. क्लेम नसता तर आपण खरोखर किती खर्च केला असता, त्यातून क्लेम करूनही आपल्या खिशातून जाणारे पैसे वजा करायचे. क्लेम नसता तर या माणसाने पंधरा हजार देऊन नवा बंपर लावला असता का? बहुधा नाही. त्याने गाडी एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली असती. त्याने चीर प्लास्टिक वेल्डिंगने जोडली असती, बंपर आणि दार रंगवले असते आणि समजा साडेसात हजार घेतले असते. मग क्लेममुळे होणारी बचत ७,५०० वजा ४,०६३, म्हणजे ३,४३७. खालच्या रेषेच्याही खाली. कंपनीने जवळजवळ अकरा हजार दिले तरी आपण तोट्यातच, कारण जे काम आपण साडेसात हजारांत करून घेतले असते त्याचे पंधरा हजार झाले आणि तो फरक विमा कंपनी आपल्याच बोनसमधून भागवते. सर्व्हिस सेंटर विम्याचे काम आनंदाने का घेते, तेही यातून कळते. विम्याच्या बिलावर ग्राहक घासाघीस करत नाही.

बाहेरचे काम कसे ओळखावे, हाही प्रश्न रास्त आहे. रंग जुळला आहे का ते उन्हात, दोन बाजूंनी पाहावे. रबरी बीडिंगवर आणि दाराच्या कडेच्या आत रंगाचे शिंतोडे दिसले तर मास्किंग घाईत झाले आहे. पत्र्यावरचा छोटा पोचा रंग न तडकता आत गेला असेल तर आतून दाबून, रंग न काढताच तो सरळ करता येतो. पण चीर गेलेल्या बंपरला किंवा पत्र्याच्या घडीवर आलेल्या डेंटला तो उपाय चालत नाही. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरात आहे. रबिंग आणि पॉलिशने तो काही शे रुपयांत जातो, तिथे क्लेमचा विचारही करू नये. नख अडकत असेल आणि आत राखाडी प्रायमर किंवा चकचकीत पत्रा दिसत असेल तर दुरुस्ती लांबवू नये, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जिथे एका पावसाळ्यात उघडा पत्रा गंजू लागतो. बंपर मात्र प्लास्टिकचा, तो गंजत नाही. पक्क्या बसलेल्या बंपरवरचा ओरखडा वर्षभर तसाच ठेवला तर गाडीचे काही बिघडत नाही, आपली थोडी प्रतिष्ठा बिघडते.

पाच वर्षांच्या नुकसानीचा आकडा आपण बोनसच्या कोणत्या पायरीवर आहोत यावरही ठरतो, आणि तो लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट निघतो. नव्या गाडीचे पहिले वर्ष असेल तर क्लेममुळे पाच वर्षांत मिळून वर्षाच्या ओडी हप्त्याच्या जेमतेम ५० टक्के जातात, कारण वर चढायला अजून फारसे काही झालेलेच नसते. आता २० टक्क्यांवर असाल तर ८० टक्के, २५ वर १०५, ३५ वर १२०, ५० वर १२५. हे हप्ता तोच राहील असे धरून. आपल्याला वाटते की नवी गाडी आहे, बोनस जपला पाहिजे, आणि जुनी गाडी आहे, आता काय, करून टाकू क्लेम. गणित सांगते की पहिल्या वर्षी क्लेम सर्वांत स्वस्त असतो, वर झिरो डेपही बहुतेकांनी घेतलेले असते. चौथ्या-पाचव्या वर्षी तो सर्वांत महाग, कारण तेव्हा बोनस जास्त असतो आणि घसाराही जास्त कापला जातो.

नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर आकडा आणखी फुगतो. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घेता येते, ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीच्या ओडी हप्त्यावर तीच टक्केवारी मिळते. साडेचार लाखांच्या गाडीवरचे पन्नास टक्के आणि बारा-चौदा लाखांच्या नव्या गाडीवरचे पन्नास टक्के यांत काही हजारांचा फरक असतो. वर्षभरात गाडी बदलणार असाल तर आजच्या हप्त्यावर नव्हे, येणाऱ्या गाडीच्या हप्त्यावर हिशेब मांडावा. स्कूटरचे याच्या उलट. तिचा ओडी हप्ताच इतका लहान असतो की बोनस गेल्याने काही शेच जातात आणि सक्तीचा हिस्सा फक्त १०० रुपये असतो. तिथे क्लेमचा कंटाळा हीच खरी किंमत.

एकदा क्लेम झाला की त्या पॉलिसी वर्षात बोनसचे आणखी काही जायचे राहत नाही. जूनमध्ये पावसात दुसऱ्या गाडीला धडकून मोठा क्लेम झाला असेल आणि ऑक्टोबरमध्ये कोणी दार ठोकले, तर दुसऱ्या क्लेमला फक्त डिडक्टिबल आणि घसाऱ्याची किंमत आहे. तो करावा. फक्त झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात याची मर्यादा अनेकदा दोनच असते, ती पाहावी. मात्र दोन वेगळ्या दिवसांचे डेंट एकाच अपघातातले म्हणून दाखवायला गॅरेजवाला सुचवतो, तो सल्ला घेऊ नये. सर्व्हेअरला डेंटची दिशा, उंची आणि ओरखड्यातली धूळ-गंज पाहून जुने-नवे कळते. तो जुने काम बिलातून कापतोच आणि क्लेम खोटा ठरवण्याचा रस्ताही कंपनीला मोकळा होतो.

याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे क्लेम झालेला असताना रिन्यूअलला कंपनी बदलायची आणि नव्या कंपनीला बोनस आहे असे सांगायचे. फॉर्मवर आपण सही करतो त्यात स्पष्ट लिहिलेले असते की ही माहिती खोटी निघाली तर ओडी विभागातले सगळे लाभ रद्द होतील. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करू शकते. साडेतीन हजार वाचवण्यासाठी गाडीचा अख्खा विमा डावावर लावला जातो, आणि ते कळते मोठा अपघात झाल्यावर. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी बोनससह रिन्यू केली आणि उरलेल्या दिवसांत क्लेम झाला, तरी तो जुन्या वर्षातलाच क्लेम. बोनसची रक्कम कंपनीला परत भरावी लागते.

हा हिशेब नको असेल त्याच्यासाठी 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाची जोड मिळते. ठरावीक संख्येचे क्लेम झाले तरी ती बोनस टिकवते. पन्नास टक्क्यांवर असलेल्या आणि शहरात रोज गाडी चालवणाऱ्याला ती परवडू शकते. पहिल्या वर्षाच्या गाडीला ती घेण्यात अर्थ नाही, जपण्यासारखा बोनसच नसतो. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षाला किती क्लेम चालतात, आणि पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर नवी कंपनी हा जपलेला बोनस मानेल का.

निर्णयाला वेळ मात्र फार नसतो. कंपनीला अपघात लवकर कळवायचा असतो आणि सर्व्हे होण्याआधी दुरुस्ती करायची नसते. त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढावेत, सर्व्हिस सेंटरचे लेखी एस्टिमेट घ्यावे, बाहेरच्या एका डेंटिंगवाल्याचा भाव घ्यावा आणि पॉलिसीचे शेड्यूल समोर ठेवून दोन्ही रेषा काढाव्यात. हे एका संध्याकाळचे काम आहे. अ‍ॅडव्हायझरने तुमच्यासमोरच क्लेम नोंदवून टाकला असेल आणि नंतर विचार बदलला, तर फोनवर 'नको' म्हणून भागत नाही. बोनसच्या नियमात 'क्लेम केलेला नाही किंवा प्रलंबित नाही' अशी अट आहे, आणि अर्धवट उघडा राहिलेला क्लेम रिन्यूअलच्या वेळी प्रलंबित म्हणून दिसतो. क्लेम नंबर घालून ईमेल करावा, मागे घेत असल्याचे लिहावे आणि शून्य रकमेवर बंद झाल्याचे उत्तर कंपनीकडून लेखी मागून घ्यावे. ते उत्तर आल्याशिवाय गाडी डेंटिंगवाल्याकडे टाकू नये.